आठवड्यांपूर्वी आलेल्या मेलला उत्तर देताना सुरुवात कशी लिहावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील रोपवाटिका, ठिबक विक्रेते, शेतकरी गट आणि लहान कार्यालये यांचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. येथे संपूर्ण उत्तराचा विचार केलेला नाही. तीन-चार आठवडे, कधी दीड महिना पडून राहिलेल्या मेलच्या उत्तरातील पहिली चार-पाच वाक्ये कशी असावीत, एवढाच विषय आहे.

त्याच दिवशी दिलेल्या आणि महिन्याने दिलेल्या उत्तराच्या सुरुवातीत फरक का असावा?

त्याच दिवशी उत्तर गेले तर विचारणाऱ्याच्या मनात प्रश्न ताजा असतो आणि “हो, मिळेल, शनिवारी गाडी पाठवतो” एवढे लिहिले तरी भागते. महिन्याने तेच वाक्य गेले, तर काय मिळेल, कोणता शनिवार आणि गाडी कशासाठी, हे वाचणाऱ्याला शोधावे लागते. या काळात त्याने हाच प्रश्न आणखी दोघांना विचारलेला असू शकतो, निर्णय घेतलेला असू शकतो किंवा विषय सोडूनही दिलेला असू शकतो. त्यामुळे उशिरा जाणाऱ्या उत्तराच्या सुरुवातीला दोन कामे करावी लागतात. एक म्हणजे जुना प्रश्न वाचणाऱ्यासमोर पुन्हा ठेवणे, आणि दुसरे म्हणजे तो प्रश्न आजही तसाच उरला आहे का, हे सांगणे. पहिले काम पुष्कळ जण करतात. दुसरे बहुधा राहून जाते, आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथेच होतो.

उत्तराखाली जुना मेल आपोआप जोडला जातो. मग तोच मजकूर पुन्हा का लिहायचा?

तो जोडला जातो हे खरे, पण दिसतोच असे नाही. जीमेलमध्ये उत्तराखालचा जुना मजकूर तीन ठिपक्यांच्या बटणामागे दडलेला असतो आणि ते दाबल्याशिवाय उघडत नाही. आपल्याकडे बहुतेक लोक मेल मोबाईलवर पाहतात. सूचनेत त्यांना पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्द एवढेच दिसते. शेतात किंवा मार्केट यार्डात उभा असलेला माणूस तेवढ्यावरच ठरवतो की हा मेल आता उघडायचा की रात्री पाहायचा.

ही अडचण नवी नाही. इंटरनेटवरील शिष्टाचाराचे संकेत सांगणारा आरएफसी १८५५ हा दस्तऐवज ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही सल्ला आहे की उत्तर देताना मूळ संदेशाचा सारांश वर द्यावा, किंवा संदर्भ कळेल एवढाच मूळ मजकूर ठेवावा. त्या वेळी लोक ओळीच्या आरंभी `>` हे चिन्ह लावून मूळ मजकुरातील नेमकी वाक्ये ठेवत आणि त्याखाली उत्तर लिहीत. आज सगळा जुना मजकूर तळाशी जातो, म्हणून सारांशाचे ते एक वाक्य आपल्यालाच वर लिहावे लागते.

सुरुवातीत नेमके काय आणि कोणत्या क्रमाने लिहावे? एखादे उदाहरण द्याल का?

जळगावजवळच्या एका टिश्यू कल्चर रोपवाटिकेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. शहादा तालुक्यातील एका शेतकऱ्याने ३ जुलैला मेल पाठवला. तीन एकरांवर केळी लावायची आहे, पाच बाय पाच फुटांवर साधारण ५,२०० रोपे लागतील, मृगबागेसाठी रोपे केव्हा मिळतील, प्रति रोप भाव काय आणि गाडीभाडे कोणाकडे, असे तीन प्रश्न त्यात होते. कामाच्या गर्दीत मेल खाली गेला आणि ११ ऑगस्टला कोणाच्या तरी लक्षात आला. त्या दिवशी साधारणपणे असे उत्तर लिहिले जाते :

> नमस्कार. आपला मेल मिळाला. उत्तर देण्यास विलंब झाल्याबद्दल क्षमस्व. मध्यंतरी कामाचा व्याप वाढल्याने आपणांस वेळेवर कळवता आले नाही, तरी गैरसमज नसावा. आपल्या मागणीनुसार रोपे उपलब्ध आहेत. कृपया आगाऊ रक्कम भरून नोंदणी करावी.

यात उद्धट असे काही नाही, व्याकरणही बरोबर आहे. तरीही वाचणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. पहिल्या तीन वाक्यांत केळीचा उल्लेखही नाही, म्हणजे मोबाईलच्या सूचनेत केवळ दिलगिरी दिसेल. “आपल्या मागणीनुसार” या शब्दांमागे ५,२०० रोपे आहेत की आणखी काही, हे त्याला जुना मेल उघडूनच पाहावे लागेल. सर्वांत मोठी चूक अशी की मागणी मृगबागेची होती. खानदेशात केळीच्या मृगबागेची लागवड जून-जुलैत आणि कांदेबागेची सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, म्हणजे ११ ऑगस्टला मृगबागेचा हंगाम मागे पडलेला असतो. “रोपे उपलब्ध आहेत” हे वाक्य शब्दशः खरे असले, तरी ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहे तो प्रश्नच उरलेला नाही.

आता हीच सुरुवात दुसऱ्या तऱ्हेने पाहा :

> नमस्कार नाना. आपण ३ जुलैच्या मेलमध्ये तीन एकरांसाठी ५,२०० केळीरोपांचा भाव, रोपे मिळण्याची तारीख आणि गाडीभाडे विचारले होते. आपली चौकशी मृगबागेसाठी होती आणि आमचे उत्तर त्या वेळेत गेले नाही, याबद्दल दिलगीर आहोत. आपली लागवड झाली असल्यास या मेलला उत्तर देण्याची गरज नाही. लागवड राहिली असल्यास कांदेबागेसाठी २२ ते २७ सप्टेंबर या काळात तेवढीच रोपे देता येतील. आजचा भाव आणि भाड्याचा तपशील खाली दिला आहे.

पहिल्या वाक्यात तारीख, पीक, संख्या आणि तिन्ही प्रश्न आले. नानांना जुना मेल शोधावा लागत नाही आणि सूचनेत “३ जुलैच्या मेलमध्ये तीन एकरांसाठी” एवढे दिसले तरी विषय ध्यानात येतो. दुसरे वाक्य काळाने काय बदलले ते सांगते आणि दिलगिरीही त्याच वाक्यात उरकते. तिसऱ्या वाक्याने वाचणाऱ्याला मोकळे केले आहे. दुसरीकडून रोपे घेतलेल्या माणसाला “आता नको” असे लिहिण्याचा संकोच वाटतो, आणि तो संकोच आपणच काढून घेतला की संबंध टिकतो. चौथ्या वाक्यात नवी संधी ठरलेल्या तारखांसह आहे, आणि “आजचा भाव” या शब्दांनी जुलैचा भाव गृहीत धरू नये हे न दुखावता सुचवले आहे.

क्रमाबद्दल म्हणाल तर आधी जुना प्रश्न, मग झालेला बदल, मग उत्तर. उत्तर आधी देऊन संदर्भ मागाहून सांगणारे मेल मी पाहिले आहेत. ताज्या पत्रव्यवहारात ते चालते, पण शिळ्या विषयात वाचणारा पहिल्याच वाक्याशी अडतो.

मूळ प्रश्न आपल्या शब्दांत सांगावा की विचारणाऱ्याच्याच शब्दांत?

संख्या, नावे आणि मागणीचे मुख्य शब्द त्याचेच ठेवावेत. बाकी वाक्य आपले असावे. त्याने “रोपे” लिहिले असेल तर उत्तरात “वनस्पती सामग्री” असे लिहू नये. त्याने पाच बाय पाच फूट लिहिले असेल तर आपण ते दीड मीटर करू नये. स्वतःचे शब्द दिसले की माणसाला आपला मेल चटकन आठवतो, आणि आपण तो नीट वाचला आहे हेही त्याला कळते.

एक सापळा मात्र टाळावा. जुन्या मेलमध्ये “पुढच्या आठवड्यात”, “येत्या सोमवारी”, “काल बोलल्याप्रमाणे” असे शब्द असतात. ते तसेच उचलले, तर ११ ऑगस्टच्या मेलमधील “येत्या सोमवारी” हा जुलैतला सोमवार ठरेल की ऑगस्टमधला, हे सांगता येणार नाही. असे प्रत्येक ठिकाण मूळ मेलच्या तारखेवरून मोजून पक्की तारीख लिहावी. आपल्या भागात तारखेपेक्षा सण अधिक लक्षात राहतो, म्हणून “आखाजीच्या आदल्या आठवड्यात, २२ एप्रिलला पाठवलेला आपला मेल” असे दोन्ही लिहिण्यात काही गैर नाही. केवळ “आखाजीच्या सुमारास” एवढेच लिहिले, तर पुढे कोणी तो मेल शोधू लागले की फार वेळ जातो.

“आपणांस स्मरत असेलच की” ही सुरुवातही टाळावी. आठवत नसेल तर वाचणारा ओशाळतो, आणि आठवत असेल तर हे शब्द वायाच जातात.

माफी कुठे आणि किती मागावी? कारण सांगावे का?

एकदा, अर्ध्या वाक्यात, आणि शक्यतो पहिल्या वाक्यानंतर. मेलचा पहिला परिच्छेदच माफीचा झाला, तर वाचणाऱ्याला आधी आपली समजूत काढावी लागते आणि त्यानंतर त्याचे काम सुरू होते.

कारण तेव्हाच सांगावे, जेव्हा त्याचा पुढच्या कामाशी संबंध असतो. “जुलैत रोपांची एक तुकडी बाद केली, त्यामुळे तारीख नक्की सांगता येत नव्हती” हे कारण उपयोगाचे आहे, कारण त्यावरून आजची तारीख किती भरवशाची आहे याचा अंदाज येतो. लग्नसराई, कानबाईचा रोट, घरचे आजारपण ही कारणे खरी असतात, पण ती फोनवर बोलण्याची आहेत. कामाच्या मेलमध्ये त्यांनी पहिल्या ओळी व्यापू नयेत. जवळच्या संबंधात एखादे वाक्य शेवटी घातले तर हरकत नाही. विचारणाऱ्याचे खरोखर नुकसान झाले असेल, म्हणजे त्याची मुदत आपल्यामुळे हुकली असेल, तर मात्र माफी पहिल्या वाक्यातच यावी आणि ती कशाबद्दल आहे हे स्पष्ट लिहावे.

मलाच संदर्भ आठवत नसेल तर?

मग लिहिण्यापूर्वी थोडा वेळ शोधात घालवावा लागेल. संपूर्ण साखळी सर्वांत जुन्या मेलपासून वाचावी, शेवटच्या मेलपासून नव्हे, शेवटच्या मेलमध्ये बहुधा “वरील विषयी काय ठरले?” एवढेच असते. जोडलेल्या फाईल उघडून पाहाव्यात, कारण संख्या आणि मापे पुष्कळदा तिथे असतात, मजकुरात नसतात. जीमेलच्या शोधपट्टीत पुढीलप्रमाणे लिहिले, की त्या माणसाचा त्या काळातील फाईल जोडलेला मेल सापडतो. नमुन्यातील पत्त्याच्या जागी खरा पत्ता घालावा :

```
from:nana@example.com after:2025/06/15 has:attachment
```

त्यानंतर आपल्याकडून काही गेले होते का, हे पाहावे :

```
in:sent to:nana@example.com after:2025/06/15
```

हा दुसरा शोध वगळू नये. कार्यालयातील दुसऱ्या कोणी त्याच खात्यातून उत्तर दिलेले असते आणि आपण महिन्याने वेगळाच भाव कळवतो, असे प्रकार घडतात. सहकारी स्वतःच्या खात्यातून लिहीत असतील, तर त्यांना विचारण्याला पर्याय नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि नोंदवहीही पाहावी. मेलला उत्तर गेलेले नसते, पण मधल्या काळात फोनवर अहिराणीत सगळे ठरलेले असते, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. तसे असल्यास सुरुवातीत ते बोलणेही यावे : “आपल्या ३ जुलैच्या मेलविषयी १९ जुलैला फोनवर बोलणे झाले आणि ५,२०० ऐवजी ३,५०० रोपे घ्यायचे ठरले, त्याप्रमाणे लिहीत आहे.” असे लिहिले नाही तर मेलवर एक आकडा आणि मनात दुसरा आकडा राहतो, आणि गाडी भरताना वाद होतो.

एवढे करूनही काही भाग कळला नाही, तर कळलेला भाग आधी लिहावा आणि न कळलेल्या एकाच गोष्टीबद्दल विचारावे. “आपण नक्की काय विचारले होते?” असा प्रश्न महिनाभर थांबलेल्या माणसाला पाठवू नये. “तीन एकरांसाठी रोपे हवी होती हे नोंदीत आहे, गाडी शेतापर्यंत आणायची की गावापर्यंत, एवढे कळवावे” असा प्रश्न त्याला त्रासाचा वाटत नाही.

सरकारी पत्राप्रमाणे “विषय” आणि “संदर्भ” लिहिले तर पुरेसे नाही का?

कार्यालयाला लिहिताना ते आवश्यकच आहे. “संदर्भ : आपला दि. १८ जूनचा ई-मेल” या ओळीने लिपिकाला नस्ती काढता येते, आणि ही पद्धत नेमक्या याच अडचणीवर आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आली आहे. परंतु तिच्यामागे एक गृहीत आहे : वाचणाऱ्याच्या टेबलावर नस्ती आहे आणि तो ती उघडणार आहे. मेल वाचणाऱ्याकडे तशी नस्ती नसते. शिवाय “उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की” हे शब्द मोबाईलच्या सूचनेतील सगळी जागा खाऊन टाकतात आणि विषयाचा पत्ता लागत नाही.

म्हणून संदर्भाची ओळ ठेवावी, मात्र पहिल्या वाक्यात त्या मेलमधील मागणीही सांगावी. उदाहरणार्थ, तालुका कृषी कार्यालयाने ठिबक अनुदानाच्या प्रस्तावातील त्रुटी १८ जूनला कळवल्या होत्या आणि उत्तर जुलैअखेर जात आहे. अशा वेळी “आपण १८ जूनच्या मेलद्वारे सातबारा, आठ-अ आणि बँक पासबुकाची प्रत मागितली होती, त्यांपैकी पहिली दोन सोबत जोडली आहेत, पासबुकाची प्रत ५ ऑगस्टपर्यंत पाठवतो” असे लिहावे. सातबारा नवा काढला असेल तर त्यावरील तारीखही इथेच सांगावी, म्हणजे जुनाच उतारा पुन्हा आल्याची शंका राहणार नाही.

मूळ मेलमध्ये पाच प्रश्न होते आणि त्यांपैकी दोन आता निरर्थक झाले आहेत. सगळे उल्लेखावेत का?

सगळे उल्लेखावेत, पण सारख्या विस्ताराने नाही. निरर्थक झालेल्या प्रश्नांसाठी एक वाक्य पुरे : “जुलैतील तारीख आणि त्या वेळचा भाव हे मुद्दे आता लागू नाहीत.” ते गाळले तर आपण मेल अर्धाच वाचला, असा समज होतो.

त्याच साखळीत उत्तर द्यावे की नवा मेल लिहावा?

शक्यतो त्याच साखळीत द्यावे. “रिप्लाय” दाबून पाठवलेल्या मेलच्या शीर्षभागात `In-Reply-To` आणि `References` या नोंदी जातात. त्यांत मूळ मेलचा `Message-ID` असतो आणि त्याच्या आधारे दोन्ही मेल एकत्र दिसतात. नवा मेल लिहिला तर हा धागा तुटतो आणि सुरुवातीच्या वाक्यावरचा भार वाढतो. जीमेलमध्ये विषयाची ओळ बदलली तरीही उत्तर वेगळ्या साखळीत जाते, म्हणून सहज सुधारणा म्हणून ती बदलू नये.

मात्र काम खरोखरच बदलले असेल, जसे मृगबागेची चौकशी कांदेबागेच्या नोंदणीत गेली, तर विषय बदलणेच योग्य. “केळीरोपे चौकशी” या जुन्या विषयाऐवजी “५,२०० केळीरोपे, कांदेबाग, सप्टेंबर (३ जुलैच्या चौकशीवरून)” असे लिहिले की नवी साखळी जुन्या तारखेशी बांधलेली राहते.

उत्तर दुसऱ्याच व्यक्तीकडून जात असेल, किंवा नव्या व्यक्तीला त्यात जोडायचे असेल तर?

मूळ मेल ज्यांच्याकडे आला होता ते आता ते काम पाहत नसतील, तर आपण कोण हे पहिल्या वाक्याच्या आरंभी एका उपवाक्यात सांगावे : “रोपांची नोंदणी १ ऑगस्टपासून मी पाहतो, आपण ३ जुलैला…” आधीच्या माणसाने उत्तर दिले नाही असे सुचवणारे शब्द घालू नयेत, विलंब कार्यालयाचा मानावा. प्रत पाठवलेल्या नव्या माणसासाठी वेगळा परिच्छेद लागत नाही. पहिले वाक्य त्याला एकट्याला वाचायला दिले आणि विषय कळला, तर ते पुरेसे आहे.

सुरुवात नीट जमली की नाही, हे पाठवण्यापूर्वी कसे ओळखावे?

विषयाची ओळ आणि खालचा जुना मजकूर हाताने झाकून फक्त पहिली दोन वाक्ये वाचावीत. कोणी, केव्हा, काय विचारले होते हे त्यांतून कळत नसेल तर ती पुन्हा लिहावीत. मग पहिले बारा-पंधरा शब्दच वाचावेत, कारण सूचनेत साधारण तेवढेच दिसतात, आणि त्यांत पीक, वस्तू किंवा कागदाचे नाव आले आहे का ते पाहावे.

पाठवल्यानंतर आलेल्या उत्तरावरूनही कळते. “कोणती रोपे?” किंवा “हे कशाबद्दल आहे?” असे आले तर संदर्भ पोहोचला नाही. “ठीक आहे, जुलैच्या भावाने पाठवा” असे आले तर संदर्भ पोहोचला, पण बदल पोहोचला नाही. म्हणजे भाव बदलल्याचे वाक्य फार खाली गेले होते किंवा फारच सौम्य होते.

मेल लिहिण्याऐवजी सरळ फोन करावा असे केव्हा?

मुदत एक-दोन दिवसांवर असेल, किंवा उशिरामुळे समोरच्याचे पैसे अडकले असतील, तेव्हा आधी फोन करावा. टिश्यू कल्चरची रोपे प्रयोगशाळेतून निघाल्यावर लागवडीयोग्य होईपर्यंत शेडनेटमध्ये साधारण दीड-दोन महिने राहतात. कांदेबागेची नोंदणी ऑगस्टमध्ये ठरली नाही, तर सप्टेंबरअखेरची रोपे हाती येणे कठीण होते, आणि अशा वेळी नाना मेल केव्हा उघडतील याची वाट पाहत बसणे परवडत नाही. फोन झाल्यावर त्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून ठरलेली संख्या, तारीख आणि भाव लिहून पाठवावा.